मदत हवी आहे: ब्रिस्टलच्या यजमानांना आभाराचं पत्र, इंग्रजी आणि मराठीत

फोंड्याची लेक: नमस्कार मंडळी. बाबांना घेऊन ब्रिस्टलला आतेबहिणीकडे राहून आले. ताईचे यजमान इंग्रज, त्यांना मराठी येत नाही. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही पोचायच्या आधीच त्यांनी वरचा पलंग खालच्या खोलीत आणून ठेवला होता. त्यांच्या आईने बाबांना क्लिफ्टनचा झुलता पूल दाखवला. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. १८६४ साली खुल्या झालेल्या पुलावरून अजून गाड्या जातात, हे ते इथे भेटेल त्याला सांगतात.

आता आभार मानायचे आहेत. मी लिहिलं, 'थँक यू फॉर युअर काइंड हॉस्पिटॅलिटी. सॉरी फॉर ऑल द ट्रबल वी गेव्ह यू.' खाली त्याचंच मराठी. वाचलं तर बँकेचं पत्र वाटतं. कसं सुधारू?

डिचोलीकर: व्हिसासाठी यजमानांचं पत्र हवं असेल तर त्यात राहण्याचा पत्ता आणि तारखा लागतात. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही जोडलं होतं.

फोंड्याची लेक: व्हिसाचं नाही हो, आम्ही जाऊन परत आलो.

म्हापशाची सून: तिकडे हाताने लिहिलेलं कार्डच पाठवतात, मेसेज चालत नाही. आणि ते आठवड्याच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर उद्धट समजतात. 'सॉरी फॉर द ट्रबल' राहू दे, नम्र वाटतं.

मडगावचे काका: मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये होतो. कार्डाचं मोल तिथे खरंच आहे, ते लोक आठवडे आठवडे खिडकीत लावून ठेवतात. पण गोव्याहून टपाल आठवड्यात पोचेल याची खात्री कोण देणार? पोचल्याचा छोटा मेसेज लगेच करायचा, कार्ड मागाहून गेलं तरी कुणी नावं ठेवत नाही.

'ट्रबल' मात्र काढच, बाळ. आपल्याकडे 'तुम्हाला त्रास दिला' म्हटलं की समोरचा 'छे, त्रास कसला' म्हणतो आणि विषय संपतो. तिकडे ते वाचून त्यांना वाटेल की पाहुणे सगळे दिवस अवघडून राहिले. त्यांनी केलेली एक गोष्ट धर आणि तिने काय झालं ते सांग. पलंगाची गोष्ट तुझ्याकडे आहेच, 'हॉस्पिटॅलिटी' लिहायची गरजच नाही.

कार्ड रोमन लिपीतच लिही. इथे वाचायला देवनागरीत देतो:

'वी आर होम, अँड बाबा इज टेलिंग एव्हरीवन अबाउट द ब्रिज. ही वॉज नर्व्हस अबाउट द स्टेअर्स ऑल द वे टू ब्रिस्टल. देन ही सॉ द बेड यू हॅड ब्रॉट डाउन फॉर हिम, अँड ही स्टॉप्ड वरीइंग. थँक यू फॉर थिंकिंग ऑफ इट बिफोर वी आस्क्ड. प्लीज कम अँड स्टे विथ अस नेक्स्ट विंटर.'

ताईला याचं भाषांतर पाठवू नकोस. तिला वेगळं लिही, आणि त्यात आभार हा शब्द नसला तरी चालेल. सख्ख्या माणसाला औपचारिक आभार टोचतात.

म्हापशाची सून: काका, हे मला पटत नाही. आमच्या मुली तिकडे राबतात, त्यांना 'थँक यू' म्हणायला काय हरकत? मी तर म्हणते.

फोंड्याची लेक: ताईसाठी हे लिहिलंय, बघा:

'ताई, सुखरूप पोचलो. तुझ्याकडे तिसऱ्या दिवसापासून बाबा स्वतः उठून चहा ठेवायला लागले, तेव्हाच मी निर्धास्त झाले. आई गेल्यापासून ते कुणाच्या स्वयंपाकघरात असे वावरले नव्हते. तू रात्री कामावरून येऊनही त्यांच्याशी पुलाच्या साखळ्यांवर बोलत बसायचीस, ते मी विसरणार नाही. आता चवथीला सगळी या.'

मडगावचे काका: हे उत्तम. काही बदलू नकोस. फक्त शेवटचं वाक्य बघ. ताईची मुलं शाळेत असतील तर तिथे शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, आणि २०२६ची चवथ १४ सप्टेंबरला आहे. 'नाही जमणार' असं लिहायची पाळी तिच्यावर येईल. नाताळच्या सुटीत बोलाव. इंग्रजीत मी 'नेक्स्ट विंटर' लिहिलंय, तिथेही 'ॲट ख्रिसमस' कर, म्हणजे दोन्हीकडे एकच आमंत्रण जाईल.

डिचोलीकर: कार्डाबरोबर काजूही धाडा की. पेढे आम्ही पाठवणार होतो, पण दुधाचे पदार्थ तिकडे आत घेत नाहीत असं कळलं.

मडगावचे काका: बरोबर, दूध आणि मांस नाही. काजू ठीक.

फोंड्याची लेक: मुलगा आठवीत आहे, त्यामुळे दोन्हीकडे नाताळच लिहिते. एक राहिलं. त्यांच्या आईला वेगळं कार्ड द्यायचं ठरलंय, पण मायना? त्यांनी पहिल्याच दिवशी नावाने हाक मारायला सांगितलं होतं.

मडगावचे काका: मग 'डिअर' आणि पहिलं नाव. 'मिसेस' लिहिलंस तर त्यांना वाटेल तू दूर लोटलंस.

फोंड्याची लेक: बाबा ऐकत नाहीत. ऐंशीच्या बाईला नुसतं नाव घेऊन पत्र लिहायला त्यांचा हात धजत नाही, आणि सही तर त्यांचीच हवी.

म्हापशाची सून: दोघांनी दोन कार्डं लिहा. त्यांचा मायना त्यांना ठरवू दे.