मदत हवी आहे: फ्रंट डेस्कच्या मुलाखतीत ‘आधी काय कराल?’ याचं उत्तर

येत्या मंगळवारी राजारामपुरीतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये फ्रंट डेस्कची मुलाखत आहे. टायपिंग, फोनवरचं बोलणं आणि ‘अशा वेळी काय कराल’ असे प्रश्न, असे तीन भाग आहेत.

टायपिंगची धास्ती नाही. मराठी ३० आणि इंग्रजी ४० दोन्ही झालंय. फक्त क्लासला रेमिंग्टन कीबोर्ड होता. तिथं इनस्क्रिप्ट निघाला तर बोटं अडखळणार, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारणार आहे.

अडलंय ते दुसरीकडं. मागच्या एका ठिकाणी विचारलं होतं: समोर पेशंट रिपोर्ट मागतोय, फोन वाजतोय, आतून साहेब प्रिंट मागताहेत आणि कुरिअरवाला सहीसाठी उभा आहे. मी म्हटलं, “सगळं सांभाळीन.” त्यावर बाई म्हणाल्या, “ते झालं हो, पण तोंडातून पहिलं वाक्य कुठलं निघेल?” तिथंच गप्प झाले.

आता घरी बहिणीला फोन करायला लावून सराव करतेय. समोरच्याला “एक मिनिट हं काका”, तिसऱ्या रिंगच्या आत फोन, आधी सेंटरचं नाव, मग “दोन मिनिटं थांबता का?” आणि त्यांचा होकार ऐकूनच होल्ड. नाव-नंबर लगेच वहीत. मग कुरिअरची सही, शेवटी प्रिंट.

अनुभव शून्य, त्यामुळं खरे किस्से सांगता येणार नाहीत. डेस्कवर काम केलेल्यांनी सांगा: समोरचा माणूस निम्म्या वाक्यात असताना फोन उचलणं बरोबर, की त्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं? आणि साहेबांना थांबवायचं ते कोणत्या शब्दांत?