शब्दचर्चा : बॅकट्रॅकिंगला ‘माघार’ म्हणावं की ‘हेलपाटा’?

वाटसरू
मेट्रॉइडव्हेनिया प्रकारच्या खेळांची ओळख करून देणारं टिपण लिहितो आहे. वाचक अगदी नवा आहे. त्याला भटकायला, कोपरे धुंडाळायला आवडतं, पण खेळ मध्येच अचानक अंगावर आलेला नको आहे. दोन शब्दांपाशी गाडी अडली. ‘बॅकट्रॅकिंग’साठी मी ‘माघार’ लिहिलं आहे आणि ‘डिफिकल्टी स्पाइक’साठी ‘काठिण्याचा काटा’. दोन्ही वाचताना खटकतात. त्या वाचकाला पहिला खेळ कोणता सुचवावा, तेही सांगा.

अक्षरमुद्रा
‘माघार’ नको. माघार घेतो तो हरलेला असतो. इथे खेळाडू काहीतरी कमावून परत येतो. ‘परतफेरी’ लिहा. फेरी फुकट गेली तरच ‘हेलपाटा’ म्हणावं, कारण काम न होता नुसते पाय दुखले की आपण तोच शब्द वापरतो. तुमच्या टिपणात दोन्ही लागतील असं वाटतं.

गडगंज
मुळात ‘मेट्रॉइडव्हेनिया’ हाच शब्द समजावून सांगा ना. ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ दोन्ही १९८६ साली आले, दोन्ही सारख्या धाटणीचे होते, म्हणून नावं जोडली.

नकाशेवाला
साल बरोबर, धाटणी नाही. १९८६ चा ‘कॅसलव्हेनिया’ टप्प्याटप्प्याने पुढे जातो, मागच्या टप्प्यात परत जाण्याचं कारणच नसतं. सलग नकाशा, नवी शक्ती मिळाल्यावर उघडणारी जुनी वाट हे सगळं ‘मेट्रॉइड’चं. कॅसलव्हेनियाने ते मनापासून उचललं १९९७ च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’मध्ये. म्हणजे हा शब्द आधी मेट्रॉइडसारख्या झालेल्या कॅसलव्हेनियांसाठी होता, मग सगळ्या प्रकाराला चिकटला.

अक्षरमुद्रांचा भेद फार उपयोगाचा आहे. उंचावर एक कठडा दिसतो, उडी पोचत नाही. चार तासांनी हवेतल्या हवेत दुसरी उडी मारण्याची शक्ती मिळते. कठडा कुठे होता ते आठवलं तर परतफेरी, नाही आठवलं तर हेलपाटा. म्हणून नवख्यासाठी खेळ निवडताना मारामारीच्या आधी नकाशा बघावा. २०२४ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’मध्ये अडलेल्या जागेचं चित्र टिपून ते थेट नकाशावर टाचता येतं. पुढे नकाशा उघडला की तो कठडा जसाच्या तसा समोर दिसतो. अशा टाचण्या मोजक्याच मिळतात, त्यामुळे दिसेल त्या दाराला लावत सुटू नये. शिवाय ‘मार्गदर्शित’ पद्धत निवडली तर पुढचं ठिकाण आणि सध्या बंद असलेल्या वाटा नकाशावर दिसतात. शत्रूंचा मार किती लागावा हेही वेगळं कमी करता येतं. माझी पहिली शिफारस हीच.

कोवळं_ऊन
स्पाइक म्हणजे जमिनीवरचे टोकदार खिळे ना? मग ‘योकूज आयलंड एक्स्प्रेस’ द्या. तिथे काट्यांवर पडलं तरी थोडी फळं जातात, मरण नाहीच.

नकाशेवाला
प्रश्न त्या खिळ्यांचा नव्हता, पण सुचवलेला खेळ अगदी योग्य आहे. २०१८ चा आहे. त्यात पोस्टमन झालेला शेणकिडा पिनबॉलच्या पट्ट्यांनी चेंडूसारखा उडवायचा असतो. मरण नसल्यामुळे अचानक भिंत उभी राहत नाही. अडचण वेगळीच आहे. झटपट प्रवासाची सोय बरीच उशिरा मिळते, आणि तोवर बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला जाताना खरेखुरे हेलपाटे होतात. नेम चुकला की चेंडू खाली येतो आणि तोच चढ पुन्हा. घाई असलेल्याला हे कंटाळवाणं वाटेल.

अक्षरमुद्रा
स्पाइकसाठी ‘काटा’ घेतला की कोवळं_ऊन यांच्यासारखाच घोटाळा प्रत्येक वाचकाचा होणार, कारण खेळात खरे काटे असतातच. खेळ हळूहळू कठीण होतो तो ‘चढ’. मग मध्येच उभा राहतो तो ‘सुळका’.

पाटी_कोरी
मी ‘हॉलो नाइट’ सुरू केलाय. पहिल्या भागात नकाशाच दिसत नाही, सगळा वेळ हरवलेलाच असतो. हा सुळका की बिघाड?

नकाशेवाला
दोन्ही नाही. तिथे नकाशा विकत घ्यावा लागतो. फर्गॉटन क्रॉसरोड्समध्ये जमिनीवर कागद विखुरलेले दिसतील आणि कुणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येईल. त्या दिशेने गेलात की कॉर्निफर भेटेल. त्याच्याकडून नकाशा घ्या. मग वर डर्टमाउथ गावात इसेल्डाच्या दुकानातून लेखणी घ्या. लेखणी नसेल तर नव्या खोल्या नकाशावर उमटत नाहीत. लेखणी असली तरी बाकावर बसल्याशिवाय त्या चढत नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. आपण स्वतः कुठे आहोत हे दिसायला त्याच दुकानातला होकायंत्राचा ताईत लावावा लागतो, आणि ताईत लावायच्या मोजक्या खाचांपैकी एक तो अडवतो. त्यात भर म्हणजे मेल्यावर सगळे पैसे मेलेल्या जागी राहतात, ते आणायला पुन्हा तिथवर जावं लागतं. खेळ सुंदर आहे, पण वाटसरूंच्या वाचकाला पहिला म्हणून देऊ नये.

गडगंज
मग ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ द्या. दिसायला गोड आहे आणि सोपी पातळीही आहे.

नकाशेवाला
सोपी पातळी आहे, ती २०१६ च्या सुधारित आवृत्तीत आली. पण ‘सुळका’ शब्दाचं सगळ्यात चांगलं उदाहरण याच खेळात आहे. गिन्सो वृक्षाच्या पोटात तुम्हाला शत्रूला किंवा त्याने फेकलेल्या गोळ्याला धरून स्वतःला उलट दिशेने भिरकावायची शक्ती मिळते. त्याच झाडाच्या शेवटी खालून पाणी चढू लागतं आणि तीच शक्ती वापरून, न थांबता, वर निसटायचं असतं. एरवी या खेळात ऊर्जा खर्चून जवळपास कुठेही प्रगती जतन करता येते. इथे ती सोय बंद. पाणी अंगाला लागलं की सुटका पहिल्यापासून. सोप्या पातळीत मार कमी लागतो, पण इथे मार नाहीच, एक चूक म्हणजे शेवट. हात अजून बसलेला नसताना लगेच परीक्षा, जाळी काढून घेतलेली आणि बाहेर पडायला वाट नाही, अशा तीन गोष्टी एकाच जागी जमल्या आहेत.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एखादा राक्षस आवरत नसेल पण दुसरीकडे भटकून बळ वाढवून परतता येत असेल, तर मी त्याला सुळका म्हणणार नाही, ‘अडसर’ म्हणेन. अडसर या प्रकाराचा जीवच आहे.

अक्षरमुद्रा
‘अडसर’ला माझी हरकत आहे. तो दाराला आतून लावतात, तो काढला की दार उघडतं. उडी न पोचणाऱ्या कठड्याला ठीक. न आवरणाऱ्या राक्षसाला कसा चालेल?

वाटसरू
मग सध्या असं लिहितो : “या खेळात परतफेऱ्या भरपूर, हेलपाटे थोडे, चढ आहे, सुळका नाही.” लॉस्ट क्राउन पहिला, योकू दुसरा. ओरी ठेवतो, पण गिन्सो वृक्षाची आगाऊ सूचना देऊन.

गडगंज
लॉस्ट क्राउनमध्ये काट्यांमधून सलग उड्या मारत जायच्या जागा आहेत त्याचं काय? त्या सुळकाच की.

नकाशेवाला
काही आहेत, खरं आहे. मुख्य वाटेवरच्या अशा जागा टाळून पलीकडे नेणारं दार सेटिंगमधल्या सहाय्याच्या यादीतून चालू करता येतं. टिपणात ते अवश्य लिहा. पण आडवाटेवरच्या बक्षिसांच्या उड्या स्वतःच माराव्या लागतात.

अक्षरमुद्रा
बाजूला सारता येतो त्याला सुळका म्हणायचं का, हाही प्रश्न उरतोच. राक्षसासाठी शब्द सुचला की लिहिते.