आठवणीतून काढलेलं चित्र आणि ते ओळखणारं घरचं माणूस : तुमचे अनुभव सांगा

पागोळी
लहानपणी तुम्ही आठवणीतून काढलेलं चित्र घरातल्या कुणी भलत्याच खुणेवरून ओळखलं, असं झालंय का? आधी माझं सांगतो.

१९७८चा श्रावण, देवगड तालुक्यातलं घर, मी पाचवीत. मे महिन्यात मुंबईच्या आतेभावाने वेताळाचं एक इंद्रजाल कॉमिक आणलं होतं, जाताना परत नेलं. वीस-बावीस वेळा तरी वाचलं असेन. दोन महिन्यांनी वहीच्या कागदावर वेताळ काढला : मुखवटा, बुबुळं नसलेले डोळे, पट्ट्यांची चड्डी, कवटीचा पट्टा. अंग जांभळं रंगवलं आणि डाव्या कडेला रेषेबाहेर गुलाबी किनार, उजव्या कडेला निळी. पुस्तकात तसंच होतं! शाळेत "रंग रेषेबाहेर गेलाय" म्हणून दोन गुण कापले.

आजीला नाव सांगितलं तर ती म्हणाली, "मगे तेच्या पायात व्हाणा खंय?" आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चपला वाहतात, तिच्या डोळ्यांसमोर तोच.

आजोबा गिरगावात एका छापखान्यात मशीनवर होते, नुकतेच निवृत्त होऊन गावी आलेले. कॉमिक त्यांनी कधी वाचलं नव्हतं. चित्र पडवीच्या उजेडात धरून बराच वेळ त्या दोन किनारींकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यां रजिस्टर सरकलेलां हा. ह्यां तुका कोणी शिकयल्यान?"

मग त्यांनी माझ्याच पेन्सिली घेऊन दाखवलं. एक चौकोन गुलाबी केला आणि त्यावर निळा चढवला, पण केसभर बाजूला. मध्ये जांभळं झालं, एका कडेला गुलाबी उरलं, दुसऱ्या कडेला निळं. जांभळी शाई नसतेच, दोन रंग एकमेकांवर बसतात, आणि कागद दोन्ही वेळा नेमका तिथेच यावा लागतो. "पावसात कागद फुगता. सकाळी एक रंग मारलो, दुपारी दुसरो मारूक घेतलो, तर कागद तेवढोच रवत नाय."

मला त्या क्षणी दोन गुणांचं दुःख राहिलं नाही. पुस्तकात जे होतं तेच मी काढलं होतं, आणि ते एका माणसाला कळलं होतं.

तांबडी_माती
माझ्या मुलाचं. त्याने छोटा भीम काढला, बाबांना दाखवला. बाबा गावच्या दशावतारात भीम करायचे. ते म्हणाले, "गदा खंय? आणि हातात लाडू कित्या?" दोघं तासभर वाद घालत होते. शेवटी मुलाने गदा काढली, लाडूही ठेवला.

रानमोगरा
छान आठवण. पण वेताळ मुळात जांभळाच आहे ना? ली फॉकने त्याला तसंच काढलं होतं. मग निळी कड कुठून आली?

जुनी_पानं
रानमोगरा, फॉकने लिहिलं. १९३६मध्ये पहिली चित्रं रे मूरची. फॉकच्या मनात पोशाख राखाडी होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. इटलीत तो लाल, स्वीडनमध्ये निळा. आपल्याकडे इंद्रजाल मार्च १९६४मध्ये वेताळाच्याच गोष्टीने सुरू झालं. पागोळींची निळी कड पोशाखाची नाही, शाईची आहे.
पागोळी, एक विचारतो. कवटीची अंगठी कुठल्या हातात काढलीत? ती उजव्या हातात असते, शुभचिन्हाची डाव्या. आठवणीतून काढताना बहुतेक मुलं हे उलटं करतात.

शाईवाला
मी कुडाळला ऑफसेटवर आहे. आजोबांनी दोष बरोबर ओळखला, कारणाबद्दल मात्र मला खात्री नाही. कागद फुगला तर सरक सगळीकडे सारखी नसते. टेकवलेल्या बाजूला कमी, दूरच्या टोकाला जास्त. पूर्ण तावावर सारखीच सरक दिसली तर पहिली शंका कागद टेकतो त्या बाजूच्या खुणेवर, ती सैल असते. कोपऱ्यातल्या फुल्या भिंगाखाली बघितल्या की कळतं, पण कापलेल्या पुस्तकात फुल्या राहत नाहीत. तुमच्या चित्रात किनार डोक्यापाशी आणि पायापाशी सारखीच आहे का?

पागोळी
जुनी_पानं, कवटी मी डाव्या हातात काढली आहे. आत्ता तुम्ही सांगितल्यावर कळलं.
शाईवाला, आता चित्र काढून बघितलं, आजोबांच्या पेटीत त्यांच्या भिंगाखालीच ठेवलेलं असतं. किनार वरपासून खालपर्यंत सारखी आहे. पण मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, पट्टी लावून ओढल्यासारखी काढली असेल. मूळ पुस्तक आतेभावाकडे उरलेलं नाही. चित्राच्या मागे मात्र त्यांचा तो चौकोन अजून आहे, आणि त्यात निळा वरच्या कडेपेक्षा खालच्या कडेला जास्त सरकवलेला आहे.