भेंड्यांसाठी ओळी लिहिताना शेवटचे अक्षर सोपे कसे ठेवता?

घाटवाट: आमची मित्रमंडळी दरवर्षी रेल्वेने दादरहून सावंतवाडीला जातात आणि पनवेल सुटले की गाण्याच्या भेंड्या सुरू होतात. मंडळींत लहान मुले आहेत, तसेच मराठी गाणी फारशी ठाऊक नसलेलेही काही जण आहेत. त्यामुळे समोरच्यावर भेंडी चढवण्यापेक्षा सर्वांना गाता यावे, हाच हेतू असतो. डाव अडला की म्हणायला ओळखीच्या चालींत बसणाऱ्या दोन-दोन ओळी मी घरूनच लिहून नेते. पुढच्याला सोपे अक्षर मिळेल असा शेवट करणे मात्र मला जड जाते. उदाहरणार्थ, ही माझी अष्टाक्षरी पाहा:

घाट चढला ढगांत
पुढे अडलं वळण

यातून ‘ण’ येतो आणि सगळे गप्प होतात. आपण काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे.

ओवीकर: आपल्या ओळीत शब्द बदलण्याची गरजच नाही, केवळ जागा बदला: ‘वळण पुढे अडले’. अक्षरे आठच राहतात आणि शेवटी ‘ल’ येतो. मी शाळेच्या सहलींसाठी अशा ओळी बरीच वर्षे लिहीत आलो आहे आणि माझा अनुभव असा की, मराठी वाक्य नेहमीच्या क्रमाने क्रियापदावर संपवले तर अक्षर बहुधा सोपेच मिळते. भूतकाळ ‘ल’ देतो, वर्तमानकाळ ‘त’ देतो, ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतून ‘ह’ मिळतो, तर ‘येणार’, ‘जाणार’ यांतून ‘र’ मिळतो. कविता वाटावी म्हणून आपण नाम शेवटी ओढतो आणि तिथेच वळण, पाऊलवाट, आभाळ, गाठ असे शब्द येऊन बसतात. क्रियापदाचे एकच रूप टाळावे, ते म्हणजे ‘गाणे’, ‘जाणे’ यांसारखे, कारण ते पुन्हा ‘ण’वरच नेऊन सोडते.

मोगरा: माझ्या मते ओळ स्वरावर संपवणे सर्वांत सोपे. स्वराने सुरू होणारी गाणी भरपूर असतात. मी सहलीच्या ओळी ‘चला जाऊ’, ‘गाणे गाऊ’ अशा संपवते.

ओवीकर: ‘अ’ आणि ‘आ’ यांच्यापुरते आपले म्हणणे अगदी खरे आहे, कारण आई, आज, आला, आकाश अशा शब्दांनी सुरू होणारी गाणी प्रत्येकाला येतात. परंतु ‘जाऊ’ आणि ‘गाऊ’ यांतून ‘ऊ’ येतो आणि त्यावर ऊन, ऊस यांपलीकडे मुलांना काही सुचत नाही. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचे, असे आधी ठरले असेल तर थोडी सुटका होते, एवढेच. त्याऐवजी ‘जाऊ चला’ म्हटले तर ‘ल’ मिळतो आणि ‘चला जाऊ या’ म्हटले तर ‘य’ मिळतो. ‘ये’ने सुरू होणारी गाणी लहानांनाही पाठ असतात.

सह्यपुत्र: आमच्या गटात ‘ठ’ हे हुकमी अक्षर आहे. शेवटी ‘गाठ’ किंवा ‘पाठ’ आणायचे. समोरचे दहा आकडे मोजेपर्यंत अडकतात आणि भेंडी चढते.

घाटवाट: आपला डाव चुरशीच्या खेळात उत्तम आहे. मला मात्र नेमके याच्या उलट हवे आहे.

परदेशी पाखरू: आम्ही लंडनहून स्कॉटलंडला मोटारीने जातो आणि मुलांना मराठी गाणी मोजकीच येतात. त्यामुळे माझी पद्धत उलट्या दिशेची आहे. निघण्यापूर्वी मुलांना येणारी गाणी मी कागदावर लिहून काढते, त्यांची पहिली अक्षरे पाहते आणि त्यांवर संपणाऱ्याच ओळी रचते. ओवीकरांच्या सूचनेत मला एक अडचण जाणवली. सगळ्याच ओळी भूतकाळात लिहिल्या तर ‘ल’ पुन्हा पुन्हा येतो आणि एकदा म्हटलेले गाणे परत चालत नसल्याने तेच सोपे अक्षर तासाभरात सर्वांत अवघड होऊन बसते. म्हणून ‘पाऊस आला’ या शेवटानंतरच्या चिठ्ठीत मी ‘पाऊस येतो’ किंवा ‘पाऊस येणार’ असा शेवट ठेवते.

ओवीकर: हे मान्य. म्हटलेल्या अक्षरापुढे खूण करत गेल्यास कोणती चिठ्ठी काढायची, तेही लगेच कळते.

मोगरा: ‘आभाळ’ शेवटी आलेच तर? आमच्याकडे ‘ळ’ला ‘ल’ धरतात.

सह्यपुत्र: आमच्याकडे त्याच्या आधीचे अक्षर घेतात, म्हणजे ‘भ’.

घाटवाट: आमच्या डब्यात यावर दरवेळी वाद होतो. ‘माझ्या’ या शब्दाचेही तसेच: काही जण ‘य’ मागतात, काही ‘झ’. या वर्षी असे शेवट मी चिठ्ठ्यांतून काढूनच टाकणार आहे. पण गाता गाता आयत्या वेळी कोणाची ओळ तिथे संपली तर काय करायचे, याविषयी आणखी कोणाकडे वेगळा नियम असल्यास अवश्य लिहावे.