रोमकरांस पत्र ८:२८ – ‘कल्याण’ नेमकं करतं कोण?

पानवाचक: चर्चच्या पत्रिकेसाठी हे वचन मराठीत करतोय. ‘देवावर प्रीती करणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्या गोष्टी मिळून कल्याणासाठी काम करतात’ असं लिहिलं. संपादक म्हणतात, गोष्टी कुठं काम करतात? ‘देव सगळ्यांतून कल्याण साधतो’ असं करा. मुळात कर्ता कोण?

जुनीवही: मुळातच मेख आहे. ग्रीकमध्ये ‘पांता सिनेर्गेइ’ एवढंच आहे. ‘पांता’ म्हणजे सगळं. नपुंसकलिंगी असल्यानं कर्ता असो वा कर्म, रूप तेच. आपल्या ‘सगळं झालं’, ‘सगळं केलं’सारखं. क्रियापद एकवचनी आहे, पण त्यावरून काही ठरत नाही, कारण ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचनाला सहसा एकवचनी क्रियापदच लागतं.

कोकणी_माणूस: मग भावे प्रयोग म्हणा की! कर्ताच नको.

जुनीवही: भावे नाही हो, क्रियापद सरळ कर्तरी आहे. कर्ता सांगितलेला नाही एवढंच. म्हणजे काही हस्तलिखितांत आहे: इ.स. २०० च्या आसपासचा पपायरस ४६ आणि चौथ्या शतकातलं व्हॅटिकन हस्तलिखित, दोन्हींत क्रियापदानंतर ‘हो थेऑस’, म्हणजे देव, येतो. त्याच शतकातल्या सिनाय हस्तलिखितात तो नाही.

पानवाचक: मग जुन्याचं ऐकायचं ना?

जुनीवही: एरवी ऐकलं असतं. पण नकलनवीस अर्थ स्पष्ट करायला शब्द घालतो. असलेला ‘देव’ तो गाळेल कशाला? शिवाय ‘सिनेर्गेइ’ला सहसा कर्म लागत नाही. देव कर्ता धरला की ‘सगळं’चं ‘सगळ्यांत’ करावं लागतं. तुमच्या संपादकांचं ‘सगळ्यांतून’ त्यातलंच.

आत्याबाई: माझा भाऊ गेला तेव्हा हेच वचन मला दारात उभं राहून ऐकवलं होतं. म्हणजे त्याचं जाणंही चांगलंच का? बिरबलाच्या ‘जे होतं ते चांगल्यासाठी’तलाच प्रकार.

पानवाचक: आत्याबाई, वाक्याच्या सुरुवातीलाच ‘प्रीती करणाऱ्यांना’ आहे आणि पुढच्या ओळीत ‘पुत्राच्या प्रतिमेसारखं होणं’. तिथलं ‘चांगलं’ ते आहे.

आत्याबाई: दारातल्या माणसानं एवढं वाचलं नव्हतं.

गावठी_ग्रीक: तिसरा पर्याय विसरलात! आधीच्या दोन ओळींत आत्माच आपल्यासाठी मध्यस्थी करतोय, तोच इथेही कर्ता. १९६१ च्या न्यू इंग्लिश बायबलमध्ये तसंच घेतलंय.

जुनीवही: छान आहे, पण २९व्या ओळीत ‘आपल्या पुत्राच्या’ येतं. आत्मा कर्ता धरून पुढे गेलात तर पुत्र आत्म्याचा होईल. मधेच कर्ता बदलला असं मानावं लागतं.

गावठी_ग्रीक: पौल वाक्याच्या मध्यावर कर्ता बदलतोच. सवयच आहे त्याची.

कोकणी_माणूस: ‘सिनेर्गेइ’ म्हणजे सह-कार्य ना? मग सरळ ‘सहकार्य करतात’ लिहा.

शुद्धलेखनवाला: ‘सहकार्य’ म्हटलं की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. ‘हातभार लावतात’ म्हणा. आणि ‘कल्याणासाठी काम’ ही इंग्रजी छाप आहे.

कोकणी_माणूस: हातभार लावायला हात लागतात. गोष्टींना कुठले?

पानवाचक: मंडळी, पत्रिका शुक्रवारी छापायला जातेय. ‘सगळं मिळून त्यांचं भलं होतं’ चालेल? ‘सगळं’ एकवचनी, आणि देव आहे-नाहीचा वादही टळतो.

शुद्धलेखनवाला: ‘भलं’ बोलीभाषेतलं झालं. वचनाला शोभत नाही.