कामाच्या वेळेत बॅकअपने गुपचूप अपलोड करणं बरोबर आहे का?

घणसोलीकर: घरून काम करतो. सकाळी ११च्या क्लायंट कॉलवर माझा आवाज तुटतो, समोरच्यांचा मात्र नीट येतो. डाउनलोड १०० एमबीपीएस आहे, अपलोड १०. शोधल्यावर कळलं की बायकोच्या फोनचा फोटो बॅकअप आणि माझ्या लॅपटॉपचं फाइल सिंक त्याच वेळी चालू असतं. माझ्या मते या अ‍ॅपनी दिवसा न विचारता अपलोड करूच नये. तुमचं काय म्हणणं?

नौपाडा_फोटो: अजिबात पटत नाही. मी लग्नाची शूट करतो. दुपारी काढलेलं रात्रीपर्यंत एकाच कार्डावर राहिलं आणि ते कार्ड गेलं, तर त्या घरचा तो दिवस परत येत नाही. बॅकअप लगेच व्हायला हवा, न विचारता व्हायला हवा. विचारणाऱ्या अ‍ॅपला लोक "नंतर" म्हणतात आणि ते नंतर कधीच येत नाही.

वाशी_सेक्टर१७: भांडण कशाला? ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, विषय संपला.

ऐरोली_नेटवर्क: वाशीकर, ३००चा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. अपलोड किती, ते वेगळं विचारा. ते वाढलं तर बॅकअप लवकर संपेल हे खरं, पण चालू असेल तोवर तो मिळेल तेवढं अपलोड भरूनच टाकणार.

घणसोलीकर, अडचण रांगेची आहे. समजा राउटरच्या बफरमध्ये बॅकअपचे ५०० केबी तुंबलेत. १० एमबीपीएसने ते बाहेर पडायला ०.४ सेकंद लागतात, आणि तुमच्या आवाजाचं प्रत्येक पाकीट त्यांच्या मागे उभं राहतं. म्हणून तुमचं बोलणं तुटतं. डाउनलोडही थोडं मंदावतं, कारण आलेल्या डेटाची पोच याच रांगेतून परत जाते.

आधी खात्री करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालू ठेवा:

```
ping -t 8.8.8.8
```

बॅकअप थांबवून आकडा बघा, मग चालू करून बघा. १०-१५ मिलिसेकंदांवरून ३००-४००वर गेला तर कारण हेच.

खारघरची_आई: माझ्याही फोनवर रोज "स्टोरेज भरलं" येतं. फोटो डिलीट केले तर क्लाउडवरचेही जातील का?

ऐरोली_नेटवर्क: ताई, तो वेगळा प्रश्न आहे. पण सिंक चालू असेल तर बऱ्याचदा दोन्हीकडून जातात, तेव्हा घाईने काही पुसू नका. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

घणसोलीकर: ping केलं. बंद असताना १२, चालू केल्यावर ३८०च्या आसपास. लॅपटॉपवर वनड्राइव्ह आहे. त्यात Limit upload rate सापडलं. तिथे ५ टाकू का? म्हणजे निम्मं.

ऐरोली_नेटवर्क: नको! तिथे एकक केबी प्रति सेकंद आहे, एमबीपीएस नाही. ५ एमबीपीएस म्हणजे ६२५. नुसते ५ टाकलेत तर सिंक फारच रखडेल आणि फाइल्स वेळेत चढत नाहीत हे तुम्हाला कळणारही नाही. तिथेच आपोआप जुळवून घेण्याचा पर्याय आहे, तो आधी वापरून बघा. तो लाइनवरचा उशीर वाढला की स्वतः मागे सरतो.

मी दोघांशीही पूर्ण सहमत नाही. दिवसा अपलोड होण्यात चूक नाही, इतरांना वाट न देण्यात आहे. वाट कशी द्यायची ते तंत्र जुनं आहे. उशीर वाढला की मागे सरणाऱ्या लेडबॅट या पद्धतीचा मसुदा २०१२ साली आरएफसी ६८१७ या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात आला. तरीही बऱ्याच फोन अ‍ॅपमध्ये मोबाइल डेटावर मर्यादा घालता येते, वायफायवरच्या वेगावर नाही. ही अ‍ॅप बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे, तुमच्या बायकोची नाही.

नौपाडा_फोटो: फोरके व्हिडिओ मिनिटाला १७० एमबी धरला तर २० मिनिटांचे ३.४ जीबी. पूर्ण १०वर साधारण ४५ मिनिटं. निम्म्यावर आणलं की दीड तास. हा वेळ माझ्यासारख्याने का सोसायचा?

ऐरोली_नेटवर्क: म्हणूनच अ‍ॅपवर कायमची मर्यादा घालणं मला दुय्यम वाटतं. OpenWrt ही मोफत राउटर प्रणाली चालणारा राउटर असेल तर त्यातली SQM ही रांग आवरणारी सोय लावा आणि अपलोड ९ एमबीपीएस ठेवा. कॉल नसेल तेव्हा बॅकअपला जवळपास सगळी लाइन मिळते. कॉल सुरू झाला की त्याची छोटी पाकिटं रांगेत अडकत नाहीत. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय सहसा नसते, त्यामागे स्वतःचा राउटर जोडावा लागतो.

वाशी_सेक्टर१७: म्हणजे सामान्य माणसाने आता राउटरही विकत घ्यायचा? प्लॅन वाढवणं सोपं.

घणसोलीकर: लॅपटॉप ऑफिसचा आहे. आपोआपचा पर्याय दिसतो, पण आयटीने तो बदलण्यावर बंदी घातली आहे. बायकोचा फोन मी कॉलच्या वेळेपुरता वायफायवरून काढू शकतो, पण मग तिचं काम मोबाइल डेटावर चालतं. मी अजूनही म्हणतो, अ‍ॅपने पहिल्यांदा सुरू होताना वेळ विचारायला हवी होती.

नौपाडा_फोटो: विचारू दे, पण उत्तर न देणाऱ्याचा बॅकअप चालूच राहिला पाहिजे. यावर मी मागे हटणार नाही.