अनुभव धागा : मधुमेही माणसाचा पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला, त्या रात्री काय झाले?

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला सेल्युलायटिस, म्हणजे कातडी आणि तिच्या खालच्या थरांत जंतूंचा संसर्ग, झाला असता हुडहुडी भरण्यापासून अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळेपर्यंत किती वेळ गेला, तो कशात गेला आणि त्याचा पुढे काय परिणाम झाला, एवढ्यापुरतेच अनुभव या धाग्यावर मागवत आहे. सुरुवात आमच्या घरापासून करतो.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि मधुमेह त्यांना बरीच वर्षे आहे. आम्ही नागपुरात नंदनवनला राहतो. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी बाबांना अशी हुडहुडी भरली की बाहेर उकाडा असताना दोन चादरी अंगावर घेऊनही दात वाजत होते. आमच्या गल्लीत तेव्हा डेंग्यूचे रुग्ण असल्यामुळे सगळ्यांच्या मनात तेच आले. पायाकडे कोणी पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी तेव्हा तिथे काही दिसले नसते. रात्री चादर सारखी करताना आईचा हात त्यांच्या डाव्या पोटरीला लागला आणि ती एकदम म्हणाली, "अरे, यांचा हा पाय तव्यासारखा तापला आहे." बाबांचा रंग सावळा आहे, त्यामुळे टॉर्चच्या उजेडातही पाय पुस्तकातल्या चित्रासारखा लालभडक दिसला नाही, घोट्याच्या वर तांबूस-जांभळी झाक होती, कातडी ताणून चकाकत होती आणि मोज्याचा वळ खोल उमटलेला होता. दुखते का विचारले तर "थोडंसं जड वाटते" एवढेच उत्तर मिळाले, कारण त्यांची पावले पूर्वीपासून बधिर आहेत. एरवी १६० च्या आसपास असणारी शुगर घरच्या यंत्रावर ३१८ आली. सकाळपर्यंत थांबायचे नाही असे आईने ठरवले आणि आम्ही धंतोलीतल्या एका रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी पोटरीला हात लावण्याआधी बाबांच्या पायाची बोटे एकेक करून फाकवली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओलसर आणि फाटलेली होती. जंतू इथूनच शिरले, असे ते म्हणाले. मग साध्या बॉलपेनने त्यांनी लालीच्या कडेने रेघ ओढली, रेघेशेजारी वेळ लिहिली, रक्त तपासणीला पाठवले आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले. शुगरसाठी काही दिवस इन्सुलिन लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या बाहेर दोन बोटे गेलेली पाहून आम्ही हादरलो आणि औषध बदला म्हणून आग्रह धरला. डॉक्टरांनी ताप, नाडी आणि हुडहुडी यांची नोंद दाखवली. ताप उतरत होता आणि थंडी वाजणे थांबले होते. त्यांनी सांगितले की जंतू मरताना त्यांच्यातून जे द्रव्य सुटते त्याने पहिल्या दिवशी लाली थोडी वाढू शकते, म्हणून निर्णय ४८ तासांनी करायचा. ४८ तासांनी कड रेघेच्या आत आली होती. नंतर गोळ्यांवर घरी पाठवले आणि सगळे मिळून औषध दहा दिवस चालले. कातडीची सालपटे निघाली, सूज मात्र पुढे कितीतरी आठवडे संध्याकाळी येत राहिली. ती पाहून औषध पुन्हा सुरू करावे असे मला वाटले होते, पण पाय थंड असेल आणि ताप नसेल तर उरलेली सूज म्हणजे जंतू नव्हेत, असे उत्तर मिळाले.

निवृत्त परिचारिका, सक्करदरा

आपल्या मातोश्रींनी पायाला हात लावून पाहिले, हीच खरी तपासणी होय. आपल्याकडच्या कातडीवर लाली फसवते, म्हणून हाताची पालथी बाजू आधी चांगल्या पायावर आणि मग सुजलेल्या पायावर, एकाच उंचीवर, ठेवून पाहावी. मी वॉर्डात अनेक वर्षे काम केले. मधुमेही रुग्णात उशीर इतका महाग का पडतो, याचे कारण तिथे रोज दिसत असे. शुगर वाढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतूंमुळे शुगर आणखी वाढते, आणि पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर औषधही तिथपर्यंत कमी पोचते. बधिरपणामुळे माणूस कण्हत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते. गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक अशा पायाला कधीही देऊ नये. बधिर कातडी भाजते आणि रुग्णाला कळतसुद्धा नाही. पाय उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. लालीवर काळपट किंवा जांभळे डाग, पाणी भरलेले फोड, दाबल्यावर कातडीखाली करकर, रुग्णाची असंबद्ध बडबड किंवा पाय दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच क्षणी शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्यावे. तिथे नुसते इंजेक्शन पुरत नाही.

संत्रा बागायतदार, काटोल

हे शेवटचे वाक्य आमच्या थोरल्या भावाच्या बाबतीत खरे झाले, म्हणून लिहितो. बागेत छाटणी चालू असताना संत्र्याचा काटा त्याच्या नडगीत गेला. दुसऱ्या रात्री ताप आला. गावातल्या औषधाच्या दुकानातून ताप-दुखण्याच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल मिळाल्या. ताप उतरला, दुखणे कमी झाले आणि भाऊ पुन्हा बागेत गेला. खाली पाय वाढतच होता. कॅप्सूल संपल्यानंतर फोड आले आणि एका ठिकाणी कातडी काळी पडली, तेव्हा त्याला नागपूरला आणले. त्याच रात्री चिरा देऊन सडलेला भाग काढावा लागला, मग रोजची ड्रेसिंग झाली आणि शेवटी मांडीची कातडी घेऊन तिथे लावली. पाय वाचला, पण आमचा पूर्ण आंबिया बहार हातचा गेला. माझे मत असे झाले आहे की या आजारात गोळ्या निरुपयोगी आहेत, पहिल्यापासून सलाइनमधूनच औषध घ्यावे.

फिजिशियन, रामदासपेठ

काटोलच्या दादांचे दुःख मी समजू शकतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. लाली थोडी असेल, ताप-हुडहुडी नसेल, रुग्ण खात-पीत असेल, शुगर आवाक्यात असेल आणि एक-दोन दिवसांत त्याला पुन्हा पाहण्याची खात्री असेल, तर सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारख्या गोळ्यांनी तो उत्तम बरा होतो. आपल्या भावाला गोळीने दगा दिला नाही. मात्रा अपुरी होती, रेघ ओढलेली नव्हती, पुन्हा कोणी पाय पाहिला नाही आणि वेदनाशामकाने ताप व ठणका दोन्ही झाकून टाकले. अशा गोळ्यांपैकी अनेक मधुमेहीच्या मूत्रपिंडालाही जड जातात. गुंतागुंत नसेल तर पाच दिवसांचा कोर्सही पुरतो. पाय हळू निवळत असेल तर तो वाढवावा लागतो आणि मधुमेहीत तसे बरेचदा होते. मात्र लाली फिकी झाली म्हणून रुग्णाने स्वतःच गोळ्या बंद करू नयेत.

गृहिणी, प्रतापनगर

मला मधुमेह आहे आणि माझे दोन्ही पाय रोज संध्याकाळी सुजतात, बोटाने दाबले की खळगा पडतो. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून हे जास्त आहे. हा धागा वाचून भीती वाटली. मी कोणते अँटिबायोटिक घ्यावे?

निवृत्त परिचारिका, सक्करदरा

ताई, कोणतेही घेऊ नका. दोन्ही पाय सारखेच, थंड, सकाळी उतरणारी सूज आणि ताप नाही, हे वर्णन या आजाराचे नाही. सेल्युलायटिस बहुधा एकाच पायाला होतो. अम्लोडिपिनसारख्या गोळीने अशी सूज येते, पण हृदय आणि मूत्रपिंडही तपासायला हवे. गोळी परस्पर बंद न करता या आठवड्यात आपल्या डॉक्टरांना भेटा.

बँक कर्मचारी, मनीषनगर

याच्या उलट बाजूचा अनुभव माझ्या सासूबाईंचा आहे. त्यांचे उजवे पाऊल लाल, गरम आणि सुजलेले होते, म्हणून सेल्युलायटिस समजून अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स झाले आणि काडीचा फरक पडला नाही. ताप कधीच नव्हता, शुगर नेहमीसारखी होती आणि कुठे खरचटलेलेही नव्हते. शेवटी मधुमेही पायांच्या एका तज्ज्ञांनी त्यांना झोपवून पाय थोडा वेळ वर धरायला लावला आणि लाली आमच्या डोळ्यांदेखत ओसरली. क्ष-किरणात पावलाची हाडे खचत असल्याचे दिसले. त्याला शार्को म्हणतात. पुढे काही महिने पाय साच्यात होता. तोवर त्या त्याच पायावर चालत राहिल्यामुळे तळव्याची कमान बसली, ती आता परत येणार नाही. म्हणून मला वाटते की औषध लवकर द्यावे हे खरे, परंतु ४८ ते ७२ तासांत काहीच बदलले नाही तर फक्त औषध बदलत बसू नये, निदानच पुन्हा तपासावे.

फिजिशियन, रामदासपेठ

पूर्ण सहमत. याच टप्प्यावर मी शिरेतली गुठळी वगळण्यासाठी डॉप्लरही करवतो. पण हुडहुडी, ताप आणि चढलेली शुगर सोबत असेल, तर या शंकांसाठी पहिला डोस अडवून ठेवत नाही.

निवृत्त शिक्षक, भंडारा

आमच्या भागात हत्तीरोग जुना आहे. माझा डावा पाय त्यामुळे कायमचा जाड असून जोडीला मधुमेह आहे, आणि पावसाळा आला की सेल्युलायटिस हमखास उलटतो. नागपूरच्या एका डॉक्टरांनी रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी वर्षभर घ्यायला सांगितली, दुसऱ्यांनी नको म्हटले. कोणाचे ऐकावे?

फिजिशियन, रामदासपेठ

सर, यावर आमच्यातही एकमत नाही. गोळी चालू असेपर्यंत झटके कमी होतात, हे दिसून आले आहे. बंद केल्यावर तो फायदा टिकत नाही, आणि पाय जितका जाड तितका उपयोग कमी. वर्षातून तीन-चार वेळा भरती व्हावे लागत असेल तर मी देतो, एरवी बेचक्यांपासून सुरुवात करतो.

निवृत्त परिचारिका, सक्करदरा

बेचक्यांबद्दल मी लिहिते. पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचके सुती फडक्याने टिपून कोरडे करावे. चिखल्या असतील तर बुरशीवरचे मलम दोन वेळा लावावे आणि कातडी चांगली दिसू लागल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवावे. टाचेच्या भेगांना रात्री व्हॅसलीन लावावे, पण ते बेचक्यात जाऊ देऊ नये, तिथे ओल धरते. भंडाऱ्याच्या सरांनी जाड पायाच्या घड्यांमध्येही असेच पाहावे, आणि घट्ट पट्टी बांधण्याआधी पावलातली नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

धागाकर्ता

बाबांचा दरवर्षी नवरात्रात कोराडीला अनवाणी चालत जाण्याचा नेम आहे आणि या वर्षीही ते ऐकायला तयार नाहीत. अशा नेमाचे पाय बधिर असलेल्या कोणाच्या घरी काय केले, तेही कृपया लिहावे.

संत्रा बागायतदार, काटोल

आमच्या भावाने बाग आणि देऊळ दोन्हीकडे बूट-मोजे घालणे सुरू केले. फक्त देवळाच्या पायरीशी बूट काढतो आणि परतल्यावर वहिनी तळवे पाहते.